एकशे विसाव्या हप्त्यानंतर किती उरलं?

३० लाखांचं गृहकर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत. हप्ता बसतो २६,९९१ रुपये ७८ पैसे. दहा वर्षं नेमाने भरले, म्हणजे १२० हप्ते झाले. आता मुद्दल किती उरलं असेल? अर्धी मुदत संपली, तर पंधरा लाख? त्याहून थोडं जास्त?

उत्तर आहे २१,३०,७७७ रुपये. दहा वर्षांत तुम्ही ३२ लाख ३९ हजार भरलेत आणि त्यातले जेमतेम पावणेनऊ लाख मुद्दलात गेलेत!

हा आकडा काढायचा नेहमीचा रस्ता म्हणजे परतफेडीचं वेळापत्रक. दर महिन्याची एक ओळ: शिल्लक, तिच्यावर व्याज, हप्ता वजा, नवी शिल्लक. पुढची ओळ मागच्या ओळीवर उभी, म्हणून १२०व्या ओळीशी पोचायचं तर आधीच्या ११९ लिहायलाच हव्यात असं वाटतं. पण तसं अजिबात नाही. एकही मधली ओळ न लिहिता थेट तिथे उतरता येतं.

ते कसं, हे अगदी छोट्या कर्जावर पाहू. हजार रुपये कर्ज, महिन्याला १ टक्का व्याज, हप्ता शंभराचा. पहिल्या महिन्यानंतर १०१० वजा १००, म्हणजे ९१०. दुसऱ्या महिन्यानंतर ९१९.१० वजा १००, म्हणजे ८१९.१०. आता हाच हिशेब वेगळ्या तऱ्हेने करू. समजा तुम्ही कर्जाला हातच लावला नाही. दोन महिन्यांत ते फुगून १०२०.१० होईल. आणि तुमचे हप्ते कर्जात न भरता एका रिकरिंग खात्यात टाकले, तेही त्याच १ टक्क्याने. पहिल्या शंभराचे १०१ झाले, दुसरे शंभर आत्ताच पडले, मिळून २०१. आता १०२०.१० मधून २०१ वजा करा. ८१९.१०! पैशाचाही फरक नाही.

हे जमतं, कारण या हिशेबात व्याज आणि वजाबाकी एवढ्या दोनच क्रिया आहेत. हप्ता आधी वजा करून उरलेल्यावर व्याज लावा, नाहीतर दोन्हींवर वेगवेगळं व्याज लावून शेवटी वजा करा, एकच येतं. म्हणजे गुंतागुंतीचं वाटणारं कर्जखातं मुळात दोन साध्या खात्यांची वजाबाकी आहे: न फेडलेलं कर्ज आणि साठत गेलेले हप्ते.

पहिलं खातं सोपं आहे. महिन्याचा दर ०.७५ टक्के, म्हणून १.००७५ ने १२० वेळा गुणायचं. दुसऱ्यात मात्र १२० हप्ते आहेत आणि प्रत्येकाचं वय वेगळं. पहिला हप्ता ११९ महिने वाढला, दुसरा ११८, शेवटचा एक दिवसही नाही. ही १२० पदांची बेरीज करायची कशी?

इथे एक विलक्षण युक्ती आहे. सगळी बेरीज १.००७५ ने गुणा. प्रत्येक हप्ता एक महिन्याने मोठा होतो, म्हणजे आपल्या आधीच्या हप्त्याच्या जागी जाऊन बसतो. आता नव्या बेरजेतून जुनी वजा करा. मधली ११९ पदं दोन्हीकडे तीच, म्हणून ती एका फटक्यात पुसली जातात. उरतात फक्त दोन टोकं: १२० महिने वाढलेला एक हप्ता, वजा एक कोरा हप्ता. त्याला ०.००७५ ने भागलं की झाली बेरीज. दहा वर्षांचा सगळा मधला भाग नाहीसा!

```
B = P(1+r)^k − E[(1+r)^k − 1]/r
```

`P` म्हणजे मूळ कर्ज, `E` हप्ता, `r` महिन्याचा दर, `k` भरलेले हप्ते आणि `B` शिल्लक. आपल्या कर्जात १.००७५ चा १२०वा घात २.४५१३५७ येतो. न फेडलेलं कर्ज ७३,५४,०७१ झालं असतं, हप्त्यांचा साठा ५२,२३,२९४. वजाबाकी २१,३०,७७७.

तो १२०वा घात काढायला तरी १२० गुणाकार लागत असतील ना? तेही नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त गुणोत्तर श्रेढीच्या बेरजेसाठी याची रीत दिली आहे: संख्या सम असेल तर निम्मी करा आणि ‘वर्ग’ अशी खूण करा, विषम असेल तर एक कमी करा आणि ‘गुणक’ अशी खूण करा; मग शेवटच्या खुणेपासून उलट चालत या. १२० चे ६०, ३०, १५, १४, ७, ६, ३, २, १. नऊ गुणाकारांत काम फत्ते.

पण मला सगळ्यात थक्क करते ती याच शिल्लकेची दुसरी बाजू. आतापर्यंत आपण मागे पाहून हिशेब केला. आता फक्त पुढे पाहा. अजून १२० हप्ते बाकी आहेत. त्यांतला प्रत्येक जितका दूर, तितकं त्याचं आजचं मोल कमी. सगळ्यांचं आजचं मोल मिळवा:

```
B = E[1 − (1+r)^(−m)]/r
```

`m` म्हणजे उरलेले हप्ते. उत्तर पुन्हा २१,३०,७७७! आणि या सूत्रात मूळ कर्ज कुठेच नाही. ३० लाख घेतले होते, २००८ साली की २०१५ साली, काही माहीत नसलं तरी चालतं. उरलेल्या हप्त्यांनी कर्ज नेमकं फिटणार असेल, तर शिल्लक ठरवायला तेवढे हप्ते आणि दर पुरतात.

अर्ध्या मुदतीला तर हप्ताही लागत नाही. तेवढ्या काळात एका रुपयाचे जितके होतात, त्या संख्येला तिच्याहून एकाने मोठ्या संख्येने भागा. २.४५ भागिले ३.४५, म्हणजे ०.७१. अर्ध्या वाटेवर ७१ टक्के कर्ज शिल्लक! व्याज शून्य असतं तर एक भागिले दोन, म्हणजे बरोबर निम्मं. मुदत निम्मी झाली म्हणजे कर्ज निम्मं झालं, हा समज फक्त बिनव्याजी कर्जात खरा. आपलं कर्ज निम्म्यावर येतं ते १६८व्या हप्त्याला, चौदा वर्षं पुरी होताना.

सूत्राची अट एकच: दर आणि हप्ता मध्ये बदलता कामा नये. फ्लोटिंग दर बदलला किंवा मध्येच एखादी मोठी रक्कम भरली, तर त्या दिवसापर्यंतची शिल्लक काढा, तेच नवं कर्ज माना आणि तिथून सूत्र पुन्हा चालवा. दर पाच वेळा बदलला असेल तर सहा टप्पे, तरी १२० ओळींहून कितीतरी कमी. दुसरी काळजी दशांश स्थळांची. ८.५ टक्क्यांचा महिन्याचा दर ०.००७०८३३३ आहे. तो ०.००७१ असा आटोपशीर केलात तर एवढ्या कर्जात दहा वर्षांनी काही हजारांचा फरक पडतो, कारण चूकही चक्रवाढीने वाढते.

बँका हप्ता बहुधा पूर्ण रुपयात घेतात. २६,९९१.७८ ऐवजी २६,९९२ भरलेत तर दहा वर्षांनी शिल्लक ४३ रुपयांनी कमी दिसेल. म्हणून सूत्रात प्रत्यक्ष भरलेला हप्ताच घाला. दिवसांवर व्याज मोजणाऱ्या बँकेत आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण महिन्याच्या हिशेबाने व्याज लावणाऱ्या बँकेत केवळ दर महिन्याचं व्याज जवळच्या रुपयात पूर्णांक करण्यामुळे १२० हप्त्यांत जास्तीत जास्त ९७ रुपयांचा फरक पडू शकतो. तुमच्या कर्जखात्याच्या उताऱ्यावरची शिल्लक आज या सूत्राने पडताळून पाहा. फरक हजारांत निघाला, तर दर कधी बदलला, कुठला हप्ता उशिरा जमा झाला आणि कोणता आकार खात्यात टाकला गेला, हे बँकेकडून लेखी मागवा.