हातचे सोडलेले पंधरा कोटी

९ ऑगस्ट १९९५ रोजी अमेरिकेतील नेटस्केप या कंपनीचे भाग प्रथमच सर्वसामान्य बाजारात आले. कंपनी जेमतेम सोळा महिन्यांची होती आणि नफा तिने अद्याप पाहिला नव्हता. आदल्या रात्री तिने ५० लाख भाग प्रत्येकी २८ डॉलरला विकले. दुसऱ्या दिवशी बाजार उघडला तो ७१ डॉलरवर आणि संध्याकाळी भाव स्थिरावला ५८ डॉलर २५ सेंटवर. ज्यांना रात्री भाग मिळाले त्यांना चोवीस तासांच्या आत भागामागे सव्वातीस डॉलर सुटले. ५० लाख भागांवर ही रक्कम १५ कोटी डॉलरहून अधिक होते, आणि कंपनीच्या हाती आले होते एकूण १४ कोटी! म्हणजे जेवढे मिळवले त्याहून अधिक सोडून दिले. अशा रकमेला आपण या व्याख्यानापुरते 'सोडलेले पैसे' म्हणू.

आता आपल्या गावातला एखादा गृहस्थ घर विकतो आणि घेणारा दुसऱ्याच दिवशी ते दुप्पट किमतीला विकून टाकतो असे समजा. तो गृहस्थ मध्यस्थाला पुन्हा दारात उभे करील काय? नेटस्केपचे मालक मात्र रागावले नाहीत. उलट आनंदोत्सव झाला. हे कोडे एका कंपनीपुरतेही नाही. १९८० ते १९८९ या दशकात अमेरिकेतील नव्या भागांचा भाव पहिल्याच दिवशी सरासरी ७ टक्के चढत असे. १९९० ते १९९८ मध्ये १५ टक्के. आणि १९९९-२००० या दोन वेड्या वर्षांत ६५ टक्के.

हे समजण्यासाठी किंमत ठरते कशी ते आधी पाहिले पाहिजे. भागविक्रीची जबाबदारी घेणारी पेढी प्रथम एक अंदाजी पट्टा जाहीर करते. नेटस्केपच्या बाबतीत तो १२ ते १४ डॉलर होता. मग कंपनीचे चालक आणि पेढीचे लोक शहरोशहरी हिंडून मोठ्या गुंतवणूकदारांना भेटतात. विमा कंपन्या, निवृत्तिनिधी, म्युच्युअल फंड यांपैकी प्रत्येक जण सांगतो की अमुक भावाला मी इतके भाग घेईन. या बोली एका वहीत नोंदल्या जातात; म्हणूनच या पद्धतीला 'बुक बिल्डिंग' म्हणतात. आपण तिला बोलीवही म्हणू. नेटस्केपची वही इतकी भरली की पट्टा २१ ते २४ वर नेला गेला आणि अखेर २८ ही किंमत ठरली.

येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. अमेरिकेत या वहीतील बोली बंधनकारक नसतात आणि कोणाला किती भाग द्यायचे हे पेढीच्या मर्जीवर असते. तो लिलाव नव्हे. मग जो गुंतवणूकदार मनातून ४० डॉलर द्यायला तयार आहे, त्याने तसे सांगावे तरी का? सांगितले तर किंमत त्याच्याच अंगावर वाढणार. १९८९ मध्ये बेनव्हेनिस्टे आणि स्पिंट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी याचे उत्तर मांडले: खरे बोलणाऱ्याला काहीतरी मिळाले पाहिजे. पेढी त्याला अधिक भाग देते आणि किंमत वाढवते, परंतु पुरती वाढवत नाही. जेथे पट्टा वर सरकतो तेथेच पहिल्या दिवशी भाव सर्वांत जास्त उसळतो, असा जो अनुभव आहे त्याचा अर्थ हा. थोडक्यात, सोडलेल्या पैशांचा एक भाग म्हणजे माहितीची किंमत.

पण माहितीची किंमत १५ कोटी? हे उत्तर मला अपुरे वाटते. लॉकरन आणि रिटर यांनी २००२ मध्ये दिलेले उत्तर अधिक मानवी आहे. नेटस्केपचे एक संस्थापक जेम्स क्लार्क यांच्याकडे ९३ लाख ४० हजार भाग होते. पट्टा १२ ते १४ असताना त्यांनी मनाशी हिशेब केला असेल तर तो सुमारे १२ कोटी डॉलरचा. पाच आठवड्यांनी ९ ऑगस्टच्या संध्याकाळी तोच हिशेब ५४ कोटींवर गेला. सोडलेल्या १५ कोटींतला त्यांचा वाटा साधारण पाव, म्हणजे पावणेचार कोटी. ही तूट त्यांना कळली ती ४२ कोटींच्या वाढीबरोबर, एकाच क्षणी. अशा माणसाने पेढीशी भांडायला जावे, ही अपेक्षाच चुकीची! शिवाय विकले होते कंपनीने, तेही थोडे भाग. क्लार्क यांचे स्वतःचे भाग त्यांच्याजवळच होते.

आणि पेढी? तिची दलाली सात टक्के धरली तर १४ कोटींवर ९८ लाख होते. किंमत आणखी एक डॉलरने वाढवली असती तर कंपनीला ५० लाख मिळाले असते, पेढीला अवघे साडेतीन लाख. उलट ज्या गिऱ्हाइकांना स्वस्त भाग मिळतात ती उपकाराची फेड करतात. ही फेड कोठवर जाते ते २००२ च्या जानेवारीत उघड झाले. क्रेडिट स्विस फर्स्ट बोस्टन या पेढीने नियामकांशी १० कोटी डॉलर भरून तडजोड केली. आरोप असा होता, की तेजीतले भाग मिळालेल्या काही गिऱ्हाइकांनी आपल्या नफ्याचा ३३ ते ६५ टक्के हिस्सा फुगवलेल्या दलालीच्या रूपाने तिला परत केला. कंपनीने सोडलेले पैसे कोणाच्या खिशात जातात, हे यावरून दिसते.

आपल्याकडे वहीचे नियम निराळे आहेत. पट्ट्याचा वरचा आकडा खालच्याच्या १२० टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. मोठ्या संस्थांना भाग वाटण्याची मर्जी २००५ मध्ये काढून घेतली गेली. अँकर गुंतवणूकदारांचा हिस्सा सोडला तर वाटप मागणीच्या प्रमाणात होते. तरीही २१ मार्च २०१७ रोजी मुंबईच्या ॲव्हेन्यू सुपरमार्ट्सचा, म्हणजे डी-मार्टचा, २९९ रुपयांचा भाग पहिल्याच संध्याकाळी ६४० च्या आसपास होता. येथेही मिळवलेल्या पैशांपेक्षा सोडलेले अधिक. परंतु विक्री सुमारे एक दशांश भागांची होती आणि प्रवर्तकांकडे ८२ टक्के शिल्लक होते. क्लार्क यांचाच हिशेब.

मग आपणही प्रत्येक नव्या भागासाठी अर्ज करत सुटावे काय? केव्हिन रॉक यांनी १९८६ मध्ये दाखवलेली अडचण येथे आडवी येते. समजा, दोन कंपन्यांना आपण पंधरा-पंधरा हजारांचे अर्ज केले. पहिली चांगली, जाणत्यांनीही गर्दी केली, म्हणून सोडतीत वीस अर्जदारांत एकालाच भाग मिळतात, आणि भाव ४० टक्के चढतो. दुसरी सुमार, जाणते फिरकलेच नाहीत, त्यामुळे आपल्याला मागितले तेवढे सगळे मिळते, आणि भाव १५ टक्के उतरतो. वर्तमानपत्र सांगेल की दोहोंची सरासरी वाढ साडेबारा टक्के. आपल्या वहीत मात्र पहिलीची कमाई सहा हजारांचा विसावा हिस्सा, म्हणजे सरासरी तीनशे रुपये. आणि दुसरीचा तोटा साडेबावीसशे रुपये. असे वारंवार झाले तर आपल्यासारखे अर्जदार बाजार सोडून जातील. ते जाऊ नयेत इतपत किंमत एकंदरीने खाली ठेवावी लागते, असे रॉक यांचे म्हणणे. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी शेवटच्या दिवशी एक आकडा अवश्य पाहावा: मोठ्या संस्थांच्या हिश्श्यासाठी किती पट मागणी आली. तेथे शुकशुकाट असेल, तर आपल्याला भाग हमखास मिळतील, आणि चिंतेचे कारण तेच आहे.