चौकशी आली, फोन कोण करणार?

फ्लॅटची जाहिरात पाहून माणूस फॉर्म भरतो, तेव्हा मोबाइल त्याच्या हातातच असतो. आणि तो एकाच बिल्डरचा फॉर्म भरून थांबत नाही. त्यामुळे पहिला फोन कुणाचा येतो, याला महत्त्व आहे. 2011 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत छापून आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या 2,241 कंपन्यांकडे चौकशा पाठवून पाहिल्या होत्या. तासाभरात उत्तर दिलं 37 टक्के कंपन्यांनी. 23 टक्क्यांनी शेवटपर्यंत दिलंच नाही. यातल्या बऱ्याच कंपन्यांकडे माणसंही असणार. प्रश्न असतो, ही चौकशी नेमकी कुणाची, याचा.

हे ठरवण्याचं काम सीआरएम, म्हणजे ग्राहकांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, करू शकतं. समजा, पुण्यातल्या एका बिल्डरचे वाकड आणि खराडी असे दोन प्रकल्प आहेत आणि प्रत्येक ठिकाणी तीन सेल्सची माणसं. चौकशा फेसबुकवरून, मालमत्तेच्या पोर्टलवरून आणि मिस्ड कॉलवरून येतात. सीआरएममध्ये नियम एकाखाली एक लिहिलेले असतात. सहसा वरून पाहत जाताना जो पहिला लागू पडेल तोच चालतो, खालचे बघितलेही जात नाहीत. म्हणून क्रम चुकला की सगळं चुकतं.

पहिला नियम जुन्या ग्राहकाचा हवा. मोबाइलचे शेवटचे दहा आकडे जुळवायचे, कारण तोच नंबर एकीकडून +91 लावून येतो, दुसरीकडून शून्य लावून. जुळला तर चौकशी ज्याच्याकडे आधी होती त्याच्याकडेच जाते. हा नियम नसला की एकाच घरात दोघांचे फोन जातात आणि दोघं वेगवेगळा भाव सांगतात. दुसरा नियम प्रकल्पाचा. आणि अगदी तळाशी, कुठेच न बसलेल्या चौकशांसाठी एक जिवंत माणूस. पोर्टलवरून ‘वाकड’ऐवजी ‘पिंपरी-चिंचवड’ असं आलं की दुसरा नियम लागू पडत नाही आणि चौकशी तळाला जाते. तिथे सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडलेल्या मॅनेजरचं नाव असेल, तर ती तिथेच पडून राहते. अशा नावांवर किती चौकशा साचल्यात, हे आठवड्यातून एकदा बघायला दोन मिनिटं लागतात.

वाकडच्या तिघांत वाटणी पाळीपाळीनं होते. साधी पद्धत अशी: चौकशीच्या अनुक्रमांकाला तीननं भागायचं आणि बाकी उरेल त्यावरून माणूस ठरवायचा. दिसायला न्याय्य, पण भागाकाराला सुट्टी कळत नाही. रविवारी दुपारी एक जण सुट्टीवर असतो, दुसरा ग्राहकाला सॅम्पल फ्लॅट दाखवत असतो आणि जाहिरातीला प्रतिसाद तर रविवारीच जास्त. म्हणून पाळीत फक्त ‘हजर आणि मोकळा’ अशी खूण असलेलीच माणसं धरायची आणि वर घड्याळ लावायचं: पाच मिनिटांत फोन गेला नाही तर चौकशी पुढच्याकडे, दहा मिनिटांत नाही तर मॅनेजरच्या मोबाइलवर.

घड्याळ लावलं की पळवाटाही निघतात. सगळ्यात सोपी म्हणजे फोन न करताच ‘संपर्क झाला’ हा पर्याय निवडणं. किंवा एक रिंग देऊन कापणं. आपोआप जाणारा ‘धन्यवाद, लवकरच संपर्क साधू’ हा मेसेज उत्तर म्हणून मोजणं ही तर मालकानं स्वतःचीच केलेली फसवणूक. घड्याळ थांबवायचा अधिकार सेल्सच्या माणसाला देऊच नये. फोन सीआरएमला जोडलेल्या लाइनवरून करायला लावावा आणि त्या कॉलच्या नोंदीवरूनच घड्याळ थांबावं. ग्राहकानं उचलला नाही, तरी पुरेशी रिंग गेली असेल तर प्रयत्न धरावा. पुन्हा कधी करायचा, हे वेगळं लिहावं.

महिनाअखेरीला अहवाल बघताना सरासरीवर जाऊ नये. पाच चौकशांना 3, 4, 4, 6 मिनिटं लागली आणि रात्री साडेदहाला आलेल्या एकीला सकाळी साडेनऊला, म्हणजे 660 मिनिटांनी, फोन गेला, तर सरासरी सव्वादोन तासांच्या घरात जाते. चढत्या क्रमानं लावून मधला आकडा बघितला तर तो 4 मिनिटं निघतो. पण तेवढ्यावर खूश होऊन रात्रीची चौकशी विसरू नये. तिचं घड्याळ ऑफिस उघडल्यावर सुरू करावं आणि तिची मोजणी वेगळी ठेवावी. महिनाभरात रात्रीच्या चौकशा बऱ्याच दिसल्या, तर एकाची ड्यूटी दुपारी बारा ते रात्री नऊ लावणं हे आणखी जाहिराती देण्यापेक्षा स्वस्त पडू शकतं.