दहावर एक फुकट: अकराव्या बाटलीचा हिशेब

नारायणगावच्या पट्ट्यात टोमॅटोचा किंवा सातगाव पठारावर बटाट्याचा हंगाम जवळ आला, की कृषी सेवा केंद्रांना औषधांवर ‘दहावर एक’ अशा स्कीम येऊ लागतात. माल येतो, बिलावर १० + १ लिहिलेलं असतं, आणि त्या एकाचं काय करायचं हे बहुतेक वेळा अंदाजावर सोडलं जातं. इथेच दुकानाचा साठा आणि नफा दोन्ही चुकतात.

एक उदाहरण धरू. कीटकनाशकाची बाटली ५०० रुपयांची आहे. डीलरने १० घेतल्या, ११ मिळाल्या. बिल ५,००० रुपयांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी ९०० रुपये, एकूण ५,९००.

पहिला गैरसमज असा, की ही १० टक्के सूट झाली. तसं नाही. ५,००० रुपयांत ११ बाटल्या आल्या, म्हणजे करावेगळी एक बाटली ४५४ रुपये ५५ पैशांना पडली. सूट झाली ९.०९ टक्के. दुसऱ्या वितरकाने स्कीमऐवजी थेट १० टक्के सूट दिली, तर बाटली ४५० रुपयांना पडते. तोच सौदा स्वस्त आहे आणि भांडवलही एका जादा बाटलीत अडकत नाही.

दुसरा गैरसमज जास्त महाग पडतो: फुकट आलेला माल साठ्यात घ्यायचा नाही, कारण त्याला किंमत नाही. मग वहीत १० आणि कपाटात ११. अकरावी बाटली पक्क्या बिलावर विकली, की संगणकात साठा उणे एक दिसतो. बिलाशिवाय विकली, तर ती सरळसरळ कर चुकवलेली विक्री ठरते. शिवाय कीटकनाशकांचा साठा बॅचनुसार नोंदवावा लागतो, आणि फुकट बाटली कधी कधी वेगळ्या बॅचची असते. तपासणीला आलेला निरीक्षक कपाटातल्या बाटल्या मोजतो. त्या विकत आल्या की फुकट, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं.

काही जण साठ्यात घेतात, पण ‘फ्री’ नावाने वेगळी वस्तू उघडून, शून्य किमतीने. मोजणी जुळते, नफा जुळत नाही. वरच्या ११ पैकी ८ बाटल्या मार्चअखेर ५३० रुपये अधिक कर या दराने विकल्या असं समजा. विक्री ४,२४० रुपये. ‘फ्री’ वेगळी ठेवली, तर विकलेल्या आठांची खरेदी ४,००० आणि नफा २४० दिसतो. खरी खरेदी आहे ८ × ४५४.५५ म्हणजे ३,६३६ रुपये आणि नफा ६०४. उरलेल्या तीन बाटल्यांचा साठाही १,००० नसून १,३६४ रुपयांचा आहे. एका औषधात ३६४ रुपयांचा फरक; हंगामभराच्या सगळ्या स्कीममध्ये तो किती होईल ते दुकानदारानेच पाहावं.

टॅलीत याची सोय आहे. F11 मध्ये `Use separate Actual and Billed Quantity columns` हा पर्याय सुरू करायचा. खरेदी नोंदवताना `Actual` मध्ये ११, `Billed` मध्ये १०, दर ५००. रक्कम ५,००० च राहते, साठा ११ ने वाढतो, आणि मूल्यांकन सरासरी पद्धतीने असेल तर दर आपोआप ४५४.५५ होतो. ‘फ्री’ ही वेगळी वस्तू उघडायची गरज उरत नाही.

फुकट मालामुळे जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं, ही भीतीही अनेकांना आहे. ७ मार्च २०१९ च्या परिपत्रक क्रमांक ९२ मध्ये हे स्पष्ट केलेलं आहे: अशी स्कीम म्हणजे एका किमतीत जास्त नग विकणं, फुकट देणं नव्हे. त्यामुळे वितरकाला क्रेडिट परत करावं लागत नाही, आणि डीलरला ९०० रुपयांचं पूर्ण क्रेडिट मिळतं. अकरावी बाटली डीलरने नेहमीच्या दराने विकली, तर कर त्या पूर्ण किमतीवर लागतो. मात्र तीच बाटली एखाद्या शेतकऱ्याला कुठल्याही खरेदीशिवाय नमुना म्हणून दिली, तर तिच्या वाट्याचं सुमारे ८२ रुपयांचं क्रेडिट परत करावंच लागतं, आणि साठ्यातूनही ती ‘नमुना’ म्हणून वजा दाखवावी लागते.

आयकरातही हाच विचार आहे. व्यवसायात मिळणाऱ्या लाभांवर १० टक्के टीडीएस २०२२ मध्ये आला, तेव्हा त्याच वर्षीच्या जूनमधल्या परिपत्रकात, दहावर दोन फुकट म्हणजे प्रत्यक्षात दहाच्या किमतीत बाराची विक्री, असं म्हणून अशा स्कीमला त्यातून वगळलं. वर्षअखेरीला उलाढालीवर मिळणारी सहल किंवा मोटारसायकल मात्र या सवलतीत बसत नाही.

माल परत करतानाही ४५४.५५ हाच दर धरायचा. मुदत संपत आली म्हणून न विकलेल्या सगळ्या ११ बाटल्या वितरकाला दिल्या, तर क्रेडिट नोट ५,००० अधिक ९०० ची येणार, ५,५०० अधिक कराची नाही. आणि घेतलेलं ९०० रुपयांचं क्रेडिट तेव्हा परत करायचं असतं.