कडेला कापलेला शब्द

रस्त्यावरच्या पाटीचा फोटो अनुवादकापुढे येतो. उजवी कड कापली गेली आहे आणि वाचता येते एवढेच : ‘येथे वाहने उभी करू’. पुढे ‘नये’ असेल, ‘नका’ असेल किंवा ‘शकता’. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. त्यामुळे उजवी कड गेली की मनाई आणि परवानगी यांतला फरकच जातो.

जाणता अनुवादक आधी दिसणारी अक्षरे जशीच्या तशी उतरवून घेतो आणि मगच हिंदी करतो : ‘यहाँ वाहन खड़े कर… [दाईं ओर का पाठ कटा है]’. ‘बहुधा मनाई असावी’ हा अंदाज तो अनुवादात मिसळत नाही, खाली वेगळी टीप म्हणून देतो.

खालची कड जास्त फसवी असते. तिथे उकार कापला गेला, तर ‘फूल’ चक्क ‘फल’ वाचले जाते आणि काही हरवल्याची शंकाही येत नाही. म्हणून शेजारच्या अक्षरांचे पाय पूर्ण दिसतात का, हे तपासावे लागते.

शिलालेखांचे अभ्यासक हीच शिस्त पाळतात. 1931च्या लायडन संकेतांनुसार नष्ट झालेला मजकूर चौकटी कंसात दाखवतात, तर संदिग्ध अक्षराखाली टिंब देतात.