थोपटून कफ सुटत नाही

"जरा जोरात थोपटा ना डॉक्टर, एवढ्या हळू हातानं काय कफ सुटणार?" जिंतूरचा रुग्ण असो की पालमचा, सोबत आलेल्या नातेवाइकाचं हे वाक्य ठरलेलं. पाठीवर धपाधप सुरू असतानाच दुसरा कुणीतरी समोरून सांगत असतो, "खोका बाबा, अजून जोर लावा, आलाच बघा!" बाबा डोळे पांढरे होईपर्यंत खोकतात, धापा टाकतात, आणि थुंकीच्या डब्यात पडते ती नुसती लाळ. मग सगळे मिळून निष्कर्ष काढतात की जोर कमी पडला.

जोर कमी पडत नाही, बहुतेक वेळा जास्त होतो. छातीच्या फिजिओथेरपीबद्दलचा हा सगळ्यात चिवट गैरसमज आहे, आणि तो ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

निरोगी माणसाच्या छातीतला कफ कुणी थोपटून काढत नाही. श्वासनलिकांच्या अस्तरावर अतिसूक्ष्म केस असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेला हलतात आणि वरचा चिकट थर मिनिटाला काही मिलिमीटर अशा संथ वेगानं घशाकडे सरकवत राहतात. घशाशी आलेला कफ आपण नकळत गिळतो. क्षयरोगानं फुप्फुसाचा एखादा भाग खाल्ला की तिथल्या नळ्या कायमच्या रुंद आणि ढिल्या होतात, केस झडतात, आणि कफ तिथंच साचून कुजतो. यालाच ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. भारतातल्या ३१ रुग्णालयांतल्या २,१९५ रुग्णांची नोंद २०१९ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात या आजाराचं सर्वाधिक आढळलेलं कारण जुना क्षयरोग हेच होतं, ३५.५ टक्के. आपल्याकडे गोळ्यांचा कोर्स पूर्ण करूनही वर्षानुवर्षं सकाळी वाटीभर पिवळा कफ टाकणारी माणसं आहेत, त्यातल्या अनेकांचं दुखणं हे असतं.

केस गेले की कफ हलवायला एकच साधन उरतं, ते म्हणजे हवा. पण हवा कफाच्या मागे गेली पाहिजे. तोंडाच्या बाजूनं कितीही आपटलं तरी बुचामागे हवाच नसेल तर ते ढकलणार कोण? म्हणून आधी सावकाश खोल श्वास घ्यायचा आणि तीन सेकंद रोखायचा. शेजारशेजारच्या वायुकोशांमध्ये बारीक छिद्रं असतात. एरवी त्यांतून फारशी ये-जा होत नाही, पण खोल श्वास रोखल्यावर हवा त्या आडवाटेनं तुंबलेल्या भागात शिरते आणि कफाच्या पाठीमागे जमते.

आता बाहेर ढकलणं. जोरानं श्वास सोडताना छातीतला दाब नळ्यांना बाहेरून दाबत असतो. नळीतला दाब मात्र वायुकोशाकडून तोंडाकडे येताना कमी कमी होत जातो. वाटेत एका ठिकाणी दोन्ही दाब सारखे होतात. तिथून तोंडाच्या बाजूची नळी थोडी चेपते, चेपलेल्या जागेतून हवा वेगानं सुटते आणि भिंतीवरचा कफ खरवडून पुढे नेते. गंमत अशी की ही जागा आपल्याला हलवता येते. छाती पूर्ण भरून श्वास सोडला तर नळी चेपते ती वर, मोठ्या नळ्यांमध्ये. अर्धीच छाती भरून लांबवर सोडला तर ती जागा खोल, बारीक नळ्यांकडे सरकते.

याला म्हणतात हफिंग. चष्म्याच्या काचेवर वाफ धरताना करतो तसं तोंड गोल उघडं ठेवून 'हाऽऽ' करायचं. पोटाचे स्नायू आवळले गेले पाहिजेत, पण घसा मोकळा राहिला पाहिजे. घशातून खाकरल्यासारखा 'खर्र' आवाज आला तर चुकलं. अशा वेळी मी पुठ्ठ्याची छोटी नळी दातांत धरायला देतो, म्हणजे घसा आपोआप उघडा राहतो. खोकल्यात घसा आधी घट्ट बंद होतो, मागे प्रचंड दाब साठतो आणि मग स्फोट होतो. हा स्फोट मोठ्या नळ्यांपुरता, म्हणजे पहिल्या सहा-सात फाट्यांपर्यंत चांगला. त्याच्या पलीकडच्या ढिल्या नळ्या एवढ्या दाबानं पार मिटतात. शिट्टीसारखा आवाज येतो, माणूस दमतो आणि कफ आहे तिथंच राहतो.

एक उदाहरण घेऊ. समजा पंचावन्न वर्षांचा शेतकरी आहे, दहा वर्षांपूर्वी क्षयरोग होऊन गेलेला, एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग आकसलेला. घरच्यांनी कुठंतरी ऐकून बाजेच्या पायथ्याखाली विटा लावल्यात आणि बाबांना डोकं खाली करून झोपवलंय. पायाकडची बाजू दीड फूट उचलण्याची ही स्थिती खरीच आहे, पण ती फुप्फुसाच्या तळासाठी. वरच्या भागाचा कफ गुरुत्वाकर्षणानं उतरायला माणूस नुसता टेकून बसला तरी पुरतं. पाठीमागच्या कप्प्यासाठी सपाट बाजेवर डाव्या कुशीवर, किंचित पालथं, पोटाशी उशी घेऊन झोपायचं. यांचं डोकं खाली करणं म्हणजे कफ उलट आत ओतणं. शिवाय रक्तदाब, हृदयाचा त्रास किंवा घशाशी येणारं आम्ल असेल तर ते धोक्याचंही आहे. जेवणानंतर तर कुणालाच नको.

टेकून बसून किंवा कुशीवर झोपून आधी अर्धा मिनिट शांत श्वास. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक रोखून. पुन्हा शांत श्वास. मग मध्यम श्वास घेऊन एक-दोन लांब हफ. खोलवरून गुरगुर ऐकू आली म्हणजे कफ सुटतोय. ती गुरगुर वर आली की छाती भरून एक छोटा, जोरकस हफ, आणि गरज पडली तर शेवटी एकच खोकला. मधला शांत श्वास गाळला तर नळ्या आवळतात आणि सूं सूं सुरू होते. लागोपाठ दोन फेऱ्यांत हफ कोरडा गेला की त्या दिवसापुरतं झालं. साधारण दहा ते वीस मिनिटं लागतात.

ज्यांना शंका आहे त्यांच्यासाठी: लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयातल्या प्रायर आणि वेबर यांनी १९७९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दाखवलं की सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांत हफिंगनं कफ कमी वेळात निघतो, आणि रुग्णाला ते एकट्याला जमतं. थोपटणं अगदी टाकाऊ आहे असं नाही. हफिंग जमतच नाही अशा अशक्त रुग्णाला खोलगट तळव्यानं, कपड्यावरून थोपटलं तर उपयोग होऊ शकतो. बरगडी मोडलेली असेल किंवा हाडं ठिसूळ असतील तर तेही नको.

बाकीचे समज थोडक्यात. भरपूर पाणी प्यायल्यानं कफ पातळ होत नाही. शरीर आधीच कोरडं पडलं असेल तरच फरक पडतो. दुधानं कफ वाढत नाही, दुधानंतर तोंडात चिकट वाटतं इतकंच. तान्ह्या बाळाला व्हायरल ब्राँकिओलायटिस झाला म्हणून थोपटून घेऊ नका. कोक्रेनच्या आढाव्यात त्याचा फायदा दिसलेला नाही. रोज कफ पडतो म्हणजे क्षयरोग परत झाला असंही नाही, पण वजन घटत असेल किंवा बारीक ताप येत असेल तर अंदाजानं जुन्या गोळ्या सुरू न करता आधी थुंकीची सीबीनॅट तपासणी करून घ्या. ती होईपर्यंत हफिंग उघड्यावर, माणसांपासून लांब करा आणि कफ झाकणाच्या डब्यात टाका.

कफात रक्ताची नुसती रेघ दिसली तर त्या दिवशी डोकं खाली नको, थोपटणं नको, डॉक्टरांना दाखवा. चमचाभर किंवा त्याहून जास्त ताजं रक्त आलं तर सगळं थांबवा, खराब बाजू माहीत असेल तर त्या कुशीवर झोपवा, म्हणजे रक्त चांगल्या फुप्फुसात उतरणार नाही, आणि १०८ ला फोन लावा.