झुळझुळतो म्हणून कॉटन नव्हे

नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि विदर्भ तर कापसाचाच मुलूख. त्यामुळे इथल्या उन्हाळ्यात 'कॉटन' हा शब्द ऐकला की गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो. म्हणूनच कुर्त्याच्या वर्णनात 'रेयॉन कॉटन', 'सिल्की कॉटन' असे शब्द टक्केवारी न देता सर्रास वापरतात. मिश्र धाग्याचं कापड असतंच, पण मग कशाचे किती टक्के ते लिहायला हवं. नुसत्या जोडशब्दामुळे घेणाऱ्याला कापड अंगावर कसं पडेल, याची चुकीची कल्पना येते.

रेयॉन म्हणजे नायलॉन-पॉलिएस्टरचा भाऊ, त्यानं उकडणारच, हा समज पक्का आहे. प्रत्यक्षात दुकानातलं रेयॉन म्हणजे बहुतेक वेळा व्हिस्कोस, आणि ते लाकडाच्या लगद्यापासून होतं. लगद्यावर कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून घट्ट द्रव बनवतात, तो बारीक छिद्रांतून आम्लाच्या कुंडात सोडला की धागा तयार होतो. नागपूरच्या शेजारच्या मध्य प्रदेशात, नागद्याला ग्रासिमनं हे तंतू १९५४ पासून बनवायला घेतले. कापूस आणि व्हिस्कोस दोन्ही सेल्युलोजच. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो, व्हिस्कोस सुमारे १३ टक्के. म्हणून व्हिस्कोस हाताला गार लागतं. त्याची खरी अडचण घामानं चिंब झाल्यावर सुरू होते: कापड जड होतं आणि अंगाला चिकटतं.

दुसरा समज धागा जाळून बघण्याचा. या परीक्षेत पॉलिएस्टर तेवढं पकडलं जातं, कारण ते वितळून त्याची कडक गोळी होते. कापूस, व्हिस्कोस, मोडाल, लायोसेल हे चारही कागदासारखे जळतात आणि मऊ राख ठेवतात. कापूस की व्हिस्कोस हे पाहायचं तर शिवणीच्या आतून एक धागा काढावा, मधोमध ओला करावा आणि दोन्ही टोकांनी ओढावा. ओल्या जागी सहज तुटला तर व्हिस्कोसची शक्यता मोठी, कारण ओलं झाल्यावर त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. कापसाची ताकद उलट थोडी वाढते. मिश्र धाग्यात मात्र ही परीक्षा फसते.

आता पडण्याकडे वळू. कापसाचा तंतू चपटा आणि पीळ पडलेला असतो. त्यावर उजेड विखुरतो, म्हणून कापसाचं साधं कापड मंद दिसतं. पॉपलिनचा घेरदार कुर्ता अंगापासून थोडा सुटा उभा राहतो, चुण्या ठळक दिसतात आणि बसून उठलं की चुरगळतो. तोच घेर व्हिस्कोसमध्ये शिवला तर कापड सरळ खाली ओघळतं, लांब मऊ सळ पडतात आणि चमक दिसते. व्हिस्कोसही चुरगळतंच, हे मात्र वर्णनात कुणी लिहीत नाही. वीणही महत्त्वाची आहे: कापसाची मलमल पॉपलिनपेक्षा कितीतरी हलकी पडते. म्हणून नुसतं तंतूचं नाव पुरत नाही, विणीचंही द्यावं.

मोडाल हा व्हिस्कोसचाच सुधारित प्रकार, बऱ्याचदा बीच या झाडाच्या लाकडापासून केलेला. त्याची मजा विणलेल्या होजिअरीत: टी-शर्ट, लेगिंग, रात्रीचे कपडे. अनेक धुण्यांनंतरही मऊपणा टिकतो. त्याला 'कडक' किंवा 'भरीव' म्हणणं चूक.

लायोसेलही लाकडाचंच, पण लगदा ज्या द्रावकात विरघळवतात तो जवळजवळ पूर्ण परत मिळवून वापरतात. टेन्सेल हे त्याचं फार परिचित व्यापारी नाव. ते व्हिस्कोससारखं ओघळतं, पण अंगात जरा वजन असतं आणि ओलेपणी ते बरंच मजबूत राहतं. खोट एकच: ओलं असताना घासलं की तंतूला बारीक केस सुटतात आणि गडद रंगाच्या घड्यांवर पांढुरकी छटा येते. असा कपडा उलटा करून, हलक्या हातानं धुवावा.

'सिल्की रेयॉन कॉटन कुर्ता' या ओळीऐवजी खरं वर्णन असं होईल: '१०० टक्के व्हिस्कोस, साधी वीण, झुळझुळीत, मंद चमक, गार स्पर्श, अंगालगत पडतो, चुरगळतो.' त्यात आटण्याची ओळही हवी. ४६ इंचांचा कुर्ता ५ टक्के आटला तर सव्वादोन इंचांहून जास्त जातात. त्यामुळे व्हिस्कोसचं कापड शिंप्याकडे देण्याआधी रात्रभर भिजवून सावलीत वाळवावं आणि तयार कुर्ता घेताना लांबी थोडी जास्तच बघावी.