वाद मिटवण्याचे कलम: पायऱ्या आणि मुदती

करारात ‘वाद झाल्यास आधी चर्चा, मग मध्यस्थी, शेवटी लवाद’ असे लिहिले की काम झाले, असा समज आहे. पण कलमाचे बळ पायऱ्यांत नसून त्यांच्या मुदतीत आणि नेमक्या शब्दांत असते. २००७ मध्ये ‘जगदीश चंदर विरुद्ध रमेश चंदर’ खटल्यात भागीदारी करारात ‘पक्षांनी तसे ठरवल्यास’ वाद लवादाकडे जाईल, असे शब्द होते. पुन्हा संमती लागत असल्याने तो लवादाचा करारच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. म्हणून कलमात ‘जाऊ शकेल’ नको, ‘जाईलच’ हवे.

समजा, सोसायटीने ठेकेदाराचे ८ लाखांचे बिल अडवले. लेखी नोटिशीपासून १५ दिवस चर्चा, पुढे ३० दिवस मध्यस्थी आणि तरीही तोडगा न निघाल्यास पुण्यात एकच लवाद, असे कलम असेल तर पंचेचाळिसाव्या दिवसानंतर वाट मोकळी होते. मध्यस्थी म्हणजे वेळकाढूपणा, हा आक्षेप मुदत नसलेल्या कलमांबाबत खराच आहे. पण मध्यस्थ निर्णय लादत नाही. त्यामुळे तिथे हप्ते किंवा दुरुस्ती असा मधला मार्ग निघू शकतो. लवादाचा निवाडा मात्र बंधनकारक असतो. सही करण्यापूर्वी प्रत्येक पायरीपुढे दिवस लिहिले आहेत का, हे तपासा.